प्रबंधाचं एका पानात केलेलं समरी ‘तुम्हाला नेमकं काय पाहिजे’ म्हणून परत येतंय? मग हे तपासा

बेळगाव, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातून पीएचडी केलेली पोरं-पोरी सध्या एकच तक्रार घेऊन यायलेत. प्रबंध झाला, व्हायवा झाला, आता त्यातलं काम पुढं न्यायचं म्हणून कुठल्या तरी कंपनीच्या सीएसआरला नाहीतर ट्रस्टला अर्ज केला, त्यांनी ‘एका पानात एक्झिक्युटिव्ह समरी पाठवा’ म्हटलं, पाठवलं, आणि ते परत आलं. दुसऱ्यांदा सुधारून पाठवलं तरी परत. मी एका संस्थेत आलेले अर्ज आधी वाचून समितीपुढं ठेवायचं काम करते, त्यामुळं टेबलाच्या पलीकडं त्या पानाचं काय होतंय ते रोज बघते. बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी असतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी लक्षणं ओळखा

परत येताना उत्तर तीन प्रकारचं असतं. एक, ‘विषय चांगला आहे, पण आमच्याकडून काय अपेक्षा आहे ते कळलं नाही.’ हे सरळ उत्तर, हे आलं तर नशीब समजा. दुसरं, ‘सविस्तर अहवाल पाठवा.’ हे ऐकून पोरं खूश होतात, इंटरेस्ट दाखवला म्हणून, आणि अडीचशे पानांची पीडीएफ मेल करून मोकळी होतात, पण याचा अर्थ बहुतेक वेळा असा की पान वाचून काही ठरवता आलं नाही आणि नाही म्हणायला जीवावर आलं. ती पीडीएफ कोण उघडत नाही ओ. तिसरं जरा चमत्कारिक आहे, समितीतला कुणीतरी फोन करून भलतंच विचारतो, म्हणजे तुम्ही लिहिलंय निचऱ्याबद्दल आणि तो म्हणतोय ‘मग किती रोपं वाटणार?’ म्हणजे त्यानं पानाच्या वरच्या चार ओळी वाचल्या, त्यात ‘पर्यावरण’ दिसलं, आणि पुढचं त्याचं त्यानं ठरवलं.

तिन्हीचं मूळ एकच. तुम्ही सिनॉप्सिस आवळून पाठवलाय.

सिनॉप्सिस परीक्षकासाठी असतो. त्याला बघायचं असतं की पोरानं काम नीट केलंय का, म्हणून त्यात आधी प्रस्तावना, मग पूर्वीचं संशोधन, मग उद्दिष्टं, गृहीतकं, पद्धत, आणि शेवटी निष्कर्ष, आणि अगदी शेवटी शिफारशी. पैसे देणाऱ्याला पैसे द्यायचे का नाही एवढंच ठरवायचं असतं. त्याला लागणारी गोष्ट तुमच्या क्रमात सगळ्यात खाली पडते, आणि मीटिंगमध्ये एका अर्जाला पाच मिनिटं मिळाली तर खूप, त्यात तो पानाचा वरचा एक तृतीयांश भाग वाचतो आणि मान वर करतो. म्हणून भाषा कितीही सोपी करा, फॉन्ट कितीही बारका करा, प्रकरणांचा क्रम तसाच ठेवला की पान परत येणारच.

एक केस घेऊन बघू

खालचा प्रबंध मी समजावण्यापुरता रचलाय, त्यातले आकडे पण माझेच, कुणी ते कुठं वापरू नका. पण विषय आपल्याकडचाच आहे. कृष्णेकाठच्या अथणी आणि कागवाड तालुक्यातली सहा गावं, ऊस, काळी जमीन, वर्षानुवर्षं भरमसाट पाणी, आणि मग जमीन क्षारपड. २४० पानं, इंग्लिशमध्ये. त्याची पहिली समरी अशी होती समजा:

‘प्रस्तुत संशोधनात कृष्णा नदीकाठच्या सहा गावांतील क्षारपड जमिनींच्या सामाजिक-आर्थिक परिणामांचा अभ्यास करण्यात आला आहे. बहुस्तरीय यादृच्छिक नमुना पद्धतीने १८० कुटुंबांची निवड करण्यात आली असून प्राथमिक व दुय्यम स्रोतांद्वारे माहिती संकलित करण्यात आली. विश्लेषणासाठी वर्णनात्मक संख्याशास्त्र व लॉजिस्टिक रिग्रेशनचा वापर करण्यात आला. क्षारपड व निरोगी जमिनींतील सरासरी उत्पादकतेत लक्षणीय फरक आढळून आला (p < 0.01)...’

चुकीचं एक अक्षर नाही यात. पण निम्मं पान झालं तरी कुणाला काय त्रास आहे, काय सापडलं, काय करायचं, यातलं काहीच आलेलं नाही. आणि कर्ता कुठंच नाही, सगळं ‘करण्यात आलं’. शेतकरी दिसत नाही, पाणी दिसत नाही.

पहिलं काम: प्रबंधातलं ते एक वाक्य शोधणं

सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवा, बाकीचं नंतर पटकन होतं. शिफारशींच्या प्रकरणात ते वाक्य सहसा मिळत नाही, तिथं ‘शासनाने लक्ष द्यावे’ असलं काहीतरी असतं. ते मिळतं निष्कर्षांच्या प्रकरणात मध्येच कुठंतरी, एखाद्या टेबलाखाली दोन ओळीत, जिथं तुम्हाला स्वतःला थोडं आश्चर्य वाटलं होतं.

आपल्या केसमध्ये क्षारानं ऊस कमी येतो हा काही शोध नाही, ते अथणीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कृषी खात्याच्या माणसालाही माहीत आहे, ऊस हे क्षाराला तसं नाजूक पीक आहे, मातीतल्या क्षाराचं माप साधारण १.७ डेसीसायमनच्या वर गेलं की उतारा घटायला लागतो आणि ४ च्या वर गेलं की ती जमीन क्षारयुक्त म्हणतात. उपाय पण माहीत आहे, जमिनीखाली मीटर-दीड मीटरवर भोकाची पाईप टाकायची, साचलेलं पाणी आणि त्याबरोबर क्षार खालून काढून टाकायचा. यातलं काहीही पानाच्या वरच्या बाजूला ठेवलं तर समिती म्हणणार, हे तर ठाऊकच आहे की.

पण समजा पान १७१ वर एक टेबल आहे. ३८ कुटुंबांनी स्वतःच्या खर्चानं, आपापल्या शेतात, एकेकट्यानं पाईप टाकली, त्यातल्या २३ जणांची तीन वर्षांच्या आत बंद पडली. आणि दोन गावांत जिथं आधी सगळ्यांचा मिळून एक सामाईक चर नाल्यापर्यंत काढला होता, तिथं जोडलेल्या ३१ पैकी २७ जणांची अजून चालू आहे. कारण त्याच्या खाली चार ओळीत आहे: पाईपचं पाणी शेवटी कुठंतरी सोडावं लागतं, खालच्या शेतवाला ते आपल्या शेतातून जाऊ देत नाही, किंवा बाहेर पडायची जागा पाईपच्या तोंडापेक्षा उंच राहते, मग पाणी पाईपमध्येच थांबतं, गाळ बसतो, संपलं.

हे ते वाक्य. ‘पाईप टाकायला शेतकरी तयार आहेत आणि टाकतायत, पण पाणी सोडायला सामाईक वाट नसल्यानं त्या बंद पडतायत.’ एवढ्या एका वाक्यासाठी पानभर जागा आहे, बाकीची २३९ पानं त्याच्या मागं उभी राहू देत.

वाक्य बरोबर सापडलं का ते कसं ओळखायचं? त्याच्यापुढं ‘म्हणून’ लिहून बघा. ‘म्हणून एका गावात आधी सामाईक चर काढून द्या’ असं आपोआप पुढं आलं तर बरोबर. ‘उत्पादकतेत लक्षणीय फरक आहे, म्हणून...’ याच्यापुढं काही येत नाही, किंवा काहीही येतं, म्हणजे ते वाक्य चुकीचं.

मग आकडे

एका पानात आकडे चार-पाचच ठेवा, आणि ते वाचणाऱ्याच्या मापात आणा. प्रबंधात उतारा हेक्टरी लिहिलेला असतो कारण गाईडनं तसं सांगितलेलं असतं, १०३.७ टन आणि ४६.९ टन. आपल्याकडं हेक्टरात कोण बोलतंय? २.४७ नं भागा, एकरी ४२ टन आणि १९ टन. आता हे कारखान्याच्या काट्यावरच्या माणसालाही कळतंय. त्याच्यापुढं एक पायरी जा, एकरी २३ टन कमी, टनाला ३,००० रुपये धरले तर एकरी ६९,००० रुपये. इथं ‘धरले तर’ हे शब्द काढू नका, कारण एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते, दर साली बदलते आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात वेगळंच येतं, समितीत एखादा साखर धंद्यातला माणूस बसलेला असेल तर तो तिथंच पकडतो आणि मग पुढचं सगळं पान संशयात जातं. दर मुद्दाम थोडा कमी धरा, कुणी भांडायला येणार नाही.

टक्केवारीपेक्षा ‘३१ पैकी २७’ बरं. एक तर ८७ टक्के म्हटलं की केवढ्यातले ते कळत नाही, आणि दुसरं म्हणजे ३१ हा आकडा लहान आहे हे लपत नाही, जे लपायला पण नको. p < 0.01 काढून टाका. त्याच्या जागी ‘हा फरक योगायोगाचा वाटत नाही’ असं लिहायचा मोह होतो, ते पण नको, नुसते दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे.

मर्यादेची ओळ कापू नका

पान भरलं की पहिली कात्री हिच्यावर चालते, आणि नेमकं तिथंच नंतर अडकतं. आपल्या केसमध्ये सामाईक चर काढलेली दोन गावं मुळातच एकीची असतील, तिथं आधीपासून पाणी वापर संस्था चालत असेल, म्हणून पाईपा टिकल्या असतील, चराचा काही संबंध नसेल. प्रबंधात याच्यावर तीन पानं आहेत, समरीत शून्य. मग समितीतल्या कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारला की तुम्ही काहीतरी लपवलंय असं दिसतं.

तीन पानांची एक ओळ करता येते, आणि गंमत म्हणजे ती ओळ मागणीच्या बाजूनंच काम करते: ‘या दोन गावांत मुळात एकी जास्त असू शकते, त्यामुळं सगळा फरक चराचाच आहे असं हा अभ्यास सांगत नाही, म्हणून जिथं अशी संस्था नाही अशा एका गावात करून बघायचं आहे.’ बघा, मर्यादाच प्रयोगाचं कारण झाली.

इथंच एक तपासणी सांगते. कच्च्या पानावर प्रत्येक वाक्यासमोर समासात प्रबंधातला पान नंबर लिहा. ज्या वाक्याला नंबर मिळत नाही ते एक तर मागणी असेल, नाहीतर तुम्ही भरात येऊन वाढवून लिहिलेलं असेल. ‘हजारो शेतकऱ्यांचं भवितव्य बदलेल’ याला कुठला पान नंबर देणार? गेलं ते. फायनल पानावर हे नंबर ठेवायची गरज नाही, पण ती कच्ची कॉपी जपून ठेवा, फोनवर कुणी विचारलं तर उत्तर लगेच सापडतं.

मागणी वर, आकड्यासकट

आपल्या पोरांना पैसे मागायला लाज वाटते, म्हणून मागणी शेवटच्या ओळीत, ती पण ‘योग्य ते सहकार्य मिळावे’ अशी. समितीला ‘योग्य’ म्हणजे किती ते कळत नाही. शीर्षकाखाली पहिलीच ओळ मागणीची ठेवा, किती रुपये, कशासाठी, किती दिवस.

सीएसआर असेल तर अजून एक गोष्ट. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली हा खर्च होतो आणि तो सातव्या अनुसूचीतल्या कुठल्या तरी विषयात बसावा लागतो. आपल्या केसला तिथं जागा आहे, पर्यावरणाच्या मुद्द्यात माती, हवा, पाणी यांची गुणवत्ता राखणं असं स्पष्ट आहे, तर ते अर्ध्या ओळीत सांगून टाका, त्यांच्या माणसाचं काम वाचतं. आणि पैसे कुणाच्या नावावर घेणार ते लिहा. एकट्या संशोधकाच्या खात्यावर असला निधी येत नाही, काम करणारी संस्था लागते आणि १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेकडं सीएसआर-१ चा नोंदणी नंबर असावा लागतो. कितीतरी चांगली पानं नुसती याच्यावर अडकलेली बघितलीत. संस्था आधी गाठा, नंबर घ्या, मग पान लिहा.

आता तेच पान परत

*सामाईक चर नसल्यानं बंद पडणाऱ्या निचरा पाईपा: अथणी-कागवाड भागातल्या एका गावात प्रयोग*

*मागणी: एका गावातल्या ६० एकर क्षारपड जमिनीसाठी सामाईक निचरा चर आणि दोन वर्षं देखरेख, एकूण १८ लाख रुपये. शेतातल्या पाईपचा खर्च शेतकरी स्वतः करतील.*

*अडचण काय आहे: कृष्णाकाठच्या सहा गावांतल्या १८० ऊस उत्पादक कुटुंबांकडं आम्ही दोन हंगाम फिरून माहिती घेतली. त्यातल्या ११२ कुटुंबांची थोडी तरी जमीन क्षारपड झाली आहे. चांगल्या जमिनीत एकरी सरासरी ४२ टन ऊस येतो, क्षारपड जमिनीत १९ टन. टनाला ३,००० रुपये धरले तर हे एकरी ६९,००० रुपयांचं नुकसान आहे.*

*आम्हाला काय सापडलं: शेतकरी उपाय करत नाहीत असं नाही. ३८ कुटुंबांनी स्वतःच्या पैशानं जमिनीखाली निचरा पाईप टाकली. त्यातल्या २३ जणांची तीन वर्षांत बंद पडली, मुख्य कारण म्हणजे पाणी बाहेर सोडायला वाट नव्हती. ज्या दोन गावांत आधी सगळ्यांसाठी एक सामाईक चर नाल्यापर्यंत काढला होता, तिथं ३१ पैकी २७ पाईपा आजही चालू आहेत.*

*काय खात्रीनं सांगता येत नाही: या दोन गावांत पाणी वापर संस्था आधीपासून होती. सगळा फरक चराचाच आहे असं आम्ही म्हणत नाही. म्हणून अशी संस्था नसलेल्या गावात प्रयोग करायचा आहे.*

*पैसे कुठं जातील: चर खोदाई आणि मुख्य पाईप १२ लाख, जमिनीची लेव्हल आणि मोजणी २ लाख, दोन वर्षं माती-पाणी तपासणी अडीच लाख, गावातला अर्धवेळ देखरेख करणारा माणूस दीड लाख.*

*यश-अपयश कसं ठरेल: दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोडलेल्या शेतांपैकी तीन चतुर्थांश पाईपांतून पाणी वाहत असेल आणि मातीतला क्षार पहिल्या तपासणीपेक्षा कमी असेल तर प्रयोग जमला. निम्म्याहून जास्त पाईपा बंद असतील तर फसला, आणि तसं लेखी कळवू.*

*अंमलबजावणी: नोंदणीकृत संस्थेमार्फत, सीएसआर-१ नंबर सोबत. विषय: मातीची गुणवत्ता राखणं, अनुसूची सात.*

एवढंच. ११ पॉईंटमध्ये, दोन्ही बाजूला इंचभर समास सोडून एका पानात बसतं. बसत नसेल तर फॉन्ट ९ वर आणू नका, एक आकडा काढा. ‘अडचण’ मधलं काढा, ‘सापडलं’ मधलं नको.

पद्धत कुठं गेली ते बघा, ‘सहा गावं, १८० कुटुंबं, दोन हंगाम’ एवढीच उरली. यावर गाईड सर नाराज होतात हमखास. ‘मल्टिस्टेज सॅम्पलिंग काढून टाकलंस? मग रिसर्च कसला?’ सरांशी वाद घालायचा नाही, पद्धतीचं वेगळं एक पान करून जोडपत्र म्हणून ठेवते म्हणायचं, आणि खरंच ठेवायचं, कारण समितीत एखादा रिटायर्ड प्रोफेसर निघतोच आणि तो तेच मागतो. क्षाराचं डेसीसायमनमधलं माप, माती नमुने किती खोलीवरून घेतले, रिग्रेशनचं टेबल, सगळं तिथं.

अपयशाची ओळ वाचून पण बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो, आपणच फसलं म्हणून कशाला लिहून द्यायचं? लिहा. पैसे देणाऱ्याला दोन वर्षांनी त्याच्या वरच्यांना काहीतरी सांगायचं असतं, ते काय सांगायचं हे तुम्ही आधीच ठरवून दिलं तर त्याला बरं पडतं.

पाठवायच्या आधी

ज्याला तुमच्या विषयातलं काही माहीत नाही अशा माणसाला पान द्या, बँकेतला मामा, शाळेतली बाई, कुणीही, पण घरातला नको, घरातले कौतुक करतात. दोन मिनिटांनी पान काढून घ्या आणि विचारा: कुणाला काय त्रास आहे, यांना काय सापडलं, आणि आपल्याकडून काय पाहिजे. तिसऱ्याचं उत्तर रुपयात आलं पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाला ‘क्षारानं ऊस कमी येतो’ असं उत्तर आलं तर तुमचा ‘अडचण’चा परिच्छेद जास्त जोरात आहे आणि शोध त्याच्याखाली दबलाय, वरचा एक आकडा कमी करा आणि परत दुसऱ्या माणसाला दाखवा, त्याच माणसाला नको, त्याला आता माहीत झालंय.

आपल्या भागाची म्हणून एक वेगळीच भानगड आहे, तीन भाषांची. प्रबंध इंग्लिशमध्ये, गावातल्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या कमिटीला दाखवायचं पान मराठीत, आणि तालुका-जिल्हा पातळीवरच्या सरकारी ऑफिसात द्यायचं असेल तर कन्नडमध्ये. इंग्लिश सिनॉप्सिसवरून तिन्ही करू नका, मग तिन्हीकडं ‘करण्यात आले’ येतं. आधी मराठी नाहीतर कन्नड, जी भाषा तुम्ही घरात बोलता तिच्यात पान पक्कं करा आणि त्याच्यावरून बाकीची करा. तिन्हीत आकडे आणि एकर तेच राहिले पाहिजेत, एकात एकर आणि दुसऱ्यात हेक्टर झालं की दोन ऑफिसं दोन वेगळे प्रकल्प समजतात. एका एकराचे ४० गुंठे हे सगळ्यांना कळतं, म्हणून लहान शेतकऱ्याचं क्षेत्र सांगायचं असेल तर गुंठ्यात सांगायला हरकत नाही, फक्त एकाच पानात दोन मापं मिसळू नका.

आणि फॉन्ट. जुन्या श्रीलिपीत नाहीतर नुडीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करून वर्ड फाईल पाठवली की समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतात, झेरॉक्सच्या दुकानात टाईप करून घेतलेल्या फाईलला हे नेहमी होतं. युनिकोडमध्ये टाईप करून पीडीएफ काढा आणि आधी स्वतःच्या मोबाईलवर उघडून बघा, कारण समितीतले निम्मे लोक मोबाईलवरच उघडतात, आणि मोबाईलवर पहिल्या स्क्रीनमध्ये मागणीची ओळ दिसत नसेल तर वरची लेटरहेड, लोगो, विद्यापीठाचं नाव, गाईडचं नाव हे सगळं उचलून खाली नेऊन टाका.

एवढं करूनही ‘सविस्तर पाठवा’ आलं तर प्रबंध पाठवू नका. तीन-चार पानांचं टिपण करा, ज्यात बजेटची प्रत्येक ओळ फोडलेली असेल, गावाचा नकाशा असेल, चर कुठून कुठं जाणार आणि कुणाकुणाच्या शेतातून जाणार ते असेल, आणि त्या शेतवाल्यांच्या संमतीच्या सह्या असतील. खालच्या शेतवाल्याची सही सगळ्यात आधी घ्या. त्याच्याच सहीवर हे सगळं अडकलेलं आहे, आणि ती सही जोडलेली दिसली की समितीला तुमचं संशोधन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.